पाळी गेल्यानंतर एक डाग दिसला तरी तपासणी का लागते आणि ती पायरी पायरीने कशी होते

पाळी बंद होऊन वर्ष उलटलं, कुणाची दहा वर्षं उलटली, आणि एक दिवस आतल्या कपड्यावर फिकट गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. दुखत नाही, परत काही येत नाही. मग बहुतेक बायका काय म्हणतात ते सगळ्यांना माहितीये, उष्णता झाली असेल, परवा जड उचललं म्हणून असेल, एवढंसं तर होतं, परत झालं तर बघू. या "परत झालं तर बघू" मध्ये कधी कधी सहा महिने जातात आणि त्याचसाठी हा लेख लिहितेय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. शेवटच्या पाळीला सलग १२ महिने झाले असतील तर त्यानंतर अंगावरून गेलेलं कुठलंही रक्त तपासून घ्यायचं. लाल, गुलाबी, तपकिरी, पाण्यासारखा लालसर स्राव, सगळं यात आलं, आणि एकदाच झालं असलं तरी. घाबरायचं कारण नाही कारण असं रक्त गेलेल्या १०० बायकांमधल्या साधारण ९ जणींनाच गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, म्हणजे ९० हून जास्त जणींना तो नसतो. पण उलट बाजूने बघा, ज्यांना पाळी गेल्यानंतर हा कॅन्सर होतो त्यातल्या १०० पैकी जवळपास ९० जणींना आधी रक्त गेलेलं असतं. म्हणजे हा आजार स्वतःहून खूण देतो, तीही बहुतेक वेळा लवकर देतो. शरीर एवढ्या आधी सांगतं असे कॅन्सर फार नाहीत म्हणून ही खूण वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

थोडंच गेलं म्हणजे किरकोळ, हे का चुकीचं

पाळी चालू असताना आपल्याला सवय असते की जास्त गेलं म्हणजे काहीतरी गडबड आणि कमी गेलं म्हणजे ठीक. पाळी गेल्यानंतर हे गणित लागू होत नाही. तेव्हा महिन्याला अस्तर वाढून पडणं थांबलेलं असतं, अस्तर पातळ आणि शांत असतं, त्यामुळे आतून रक्त यायचं काही नेहमीचं कारणच उरत नाही. येतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी फुटलंय, आणि किती आलं हे फक्त ती फुटलेली जागा केवढी आणि तिथली रक्तवाहिनी केवढी यावर असतं. अस्तरात सुरू होणारी कॅन्सरची वाढ सुरुवातीला छोटी आणि ठिसूळ असते, तिचा वरचा थर जरासा सुटतो, दोन थेंब येतात, छोटी रक्तवाहिनी गोठून बंद होते आणि मग तीन आठवडे काहीच नाही. बाईला वाटतं गेलं. वाढ मात्र आत तशीच असते. उलट नुसत्या कोरडेपणामुळे किंवा साध्या मशामुळे कधी कधी भरपूर लाल जातं. म्हणून प्रमाणावरून, रंगावरून किंवा दुखतं की नाही यावरून कारण ओळखता येत नाही, बाईला नाही आणि डॉक्टरलाही नाही.

कारणं थोडक्यात सांगायची तर सगळ्यात जास्त वेळा निघतं ते म्हणजे हार्मोन कमी झाल्याने योनीची त्वचा आणि पिशवीचं अस्तर पातळ, कोरडं, नाजूक होणं. मग पॉलिप म्हणजे अस्तरातून लोंबणारा मांसल मस. मग अस्तर गरजेपेक्षा जाड होणं, ज्याला रिपोर्टमध्ये हायपरप्लेझिया लिहितात. मग कॅन्सर, पिशवीच्या अस्तराचा किंवा पिशवीच्या तोंडाचा. हार्मोनच्या गोळ्यांमुळेही होतं.

जाड अस्तराबद्दल जरा थांबून सांगते कारण धोका कुणाला जास्त हे त्यातूनच कळतं. पाळी गेल्यावर ओव्हरी इस्ट्रोजेन जवळजवळ बनवत नाही, पण शरीरातली चरबी दुसऱ्या हार्मोनपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतच राहते. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र पाळीसोबतच गेलेलं असतं, म्हणजे वाढवणारा आहे पण थांबवणारा नाही. म्हणून वजन जास्त असणं हा मोठा धोका. सोबत डायबिटीस, मूल न झालेलं असणं, पाळी उशिरा जाणं, आधी पीसीओएस असणं, ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असणं, आणि घरात आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर कमी वयात झालेला असणं. यातलं काही तुमच्यात असेल तर डॉक्टरने विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. काहीच नसलं तरी तपासणी चुकत नाही, बारीक बायकांनाही होतो.

पहिली पायरी, डाग दिसला त्या दिवशी

आधी साधा पांढरा पॅड लावा आणि बघा रक्त नक्की कुठून येतंय, कारण लघवीच्या जागेतून किंवा मूळव्याधीतून आलेलं रक्तसुद्धा कपड्यावर तसंच दिसतं. फक्त लघवी केल्यावर पुसताना दिसतं का, फक्त संडासच्या वेळी दिसतं का हे लक्षात ठेवा. नक्की सांगता येत नसेल तर योनीतूनच आलं असं धरून चाला. लघवीतून आलं असेल तरी तेही दाखवायचंच असतं, फक्त तपासणी वेगळी होते.

मग तारीख, रंग, अंदाजे किती, संबंधानंतर आलं का, हे मोबाईलमध्ये लिहा, हवं तर पॅडचा फोटो काढून ठेवा. शेवटची पाळी साधारण कधी आली होती ते आठवून लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी करा, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, क्रीम, पावडरी, काढे, सगळं येऊ द्या.

आता काय करू नये. योनी आतून धुऊ नका. घरात उरलेलं हार्मोनचं क्रीम स्वतःहून लावू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्त थांबवायची गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका. ही बहुतेक प्रोजेस्टेरॉनच्या जातीची असते, ती घेतली की रक्त थांबतं आणि सगळ्यांना वाटतं प्रश्न सुटला, पण अस्तरातलं कारण तसंच राहतं, शिवाय नंतर घेतलेल्या तुकड्यात पेशींचं रूप बदलून दिसू शकतं आणि रिपोर्ट वाचणं अवघड होतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि त्या गोळीमुळेच गेलं असेल असं म्हणून सोडूनही द्यायचं नाही, कारण बऱ्याचदा ती गोळी फक्त आत आधीपासून असलेल्या मशातून किंवा गाठीतून रक्त लवकर बाहेर आणते.

किती घाई? थोडा डाग असेल तर रात्री धावत जायची गरज नाही, पण एक दोन आठवड्यांच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, रक्त थांबलं असलं तरी. तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय, असं लागोपाठ दोन तास झालं, किंवा चक्कर, छातीत धडधड, खूप पोटदुखी असेल तर मात्र लगेच इमर्जन्सीत.

दुसरी पायरी, डॉक्टरकडची तपासणी

गेल्या गेल्या पहिलं वाक्य असं म्हणा, "पाळी जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता अंगावरून रक्त गेलंय." कोरडेपणा, जळजळ, कंबर, गुडघे हे सगळं नंतर. खूप बायका संकोचाने हेच शेवटी, दाराशी उठताना सांगतात आणि मग घाईत फक्त क्रीम लिहून मिळतं.

डॉक्टर बाहेरची त्वचा बघतील, मग स्पेक्युलम लावून योनीच्या भिंती आणि पिशवीचं तोंड बघतील, पॅप टेस्ट झालेली नसेल तर ती घेतील, हाताने पिशवीचा आकार बघतील. कोरडेपणा असेल तर स्पेक्युलम दुखतो, छोट्या साईजचा वापरा आणि जेल लावा असं सांगायला काही हरकत नाही.

इथे एक मोठा सापळा आहे. साठीच्या बाईला तपासलं की कोरडी, पातळ, लालसर त्वचा बहुतेक वेळा दिसतेच, कारण ती त्या वयात बहुतेकींना असते. ती दिसली म्हणून रक्त तिथूनच आलं हे सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, बाहेर कोरडेपणा आणि आत पॉलिप. म्हणून "कोरडेपणा आहे, क्रीम लावा" एवढ्यावर तपासणी संपली तर नम्रपणे विचारा, "आतल्या अस्तराची सोनोग्राफी करायची ना?" तसंच पॅप नॉर्मल आली म्हणजे पिशवी नॉर्मल असंही नाही. पॅप टेस्ट पिशवीच्या तोंडाच्या पेशींसाठी असते, आतलं अस्तर तपासायला ती बनलेलीच नाही.

तिसरी पायरी, सोनोग्राफी आणि ४ मिलिमीटरचा आकडा

इथे पोटावरून केलेली सोनोग्राफी पुरेशी नसते, योनीमार्गे करायची असते, कारण अस्तर मिलिमीटरमध्ये मोजायचंय. लघवी करून मोकळ्या ब्लॅडरने झोपायचं, कव्हर घातलेला बारीक प्रोब आत घालतात, काही मिनिटं लागतात, दाब जाणवतो पण सहसा फार दुखत नाही. अजिबात सहन होत नसेल तर सांगा, मग थेट पुढच्या पायरीचा विचार करता येतो.

रिपोर्टमध्ये अस्तराची जाडी लिहिलेली असते, ईटी असंही लिहितात. रक्त गेलेल्या बाईत ती ४ मिलिमीटर किंवा कमी असेल आणि अस्तर पूर्ण स्पष्ट दिसलं असेल तर कॅन्सर असण्याची शक्यता १ टक्क्यापेक्षा कमी असते. अशा वेळी पहिल्यांदाच रक्त गेलेलं असेल तर लगेच तुकडा न घेता थांबता येतं. ४ पेक्षा जास्त असेल तर तुकडा तपासायचा. फायब्रॉईडमुळे किंवा पिशवी आडवी असल्यामुळे अस्तर नीट दिसलंच नाही, असं रिपोर्टमध्ये लिहिलं असेल तर तो नॉर्मल रिपोर्ट नाही, तेव्हाही पुढची तपासणी लागते.

या आकड्याच्या मर्यादा माहिती हव्यात. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर अस्तराखालच्या बदलांमुळे जाडी फसवी दिसते, म्हणून तिथे रक्त गेलं की सरळ तुकडाच तपासतात. काही आक्रमक जातीचे कॅन्सर पातळ अस्तरातही असतात, म्हणून ईटी ३ आली आणि तरी दोन महिन्यांनी परत डाग पडला तर "मागच्या वेळी नॉर्मल होतं" हे उत्तर चालत नाही. आणि हा ४ चा आकडा रक्त गेलेल्या बाईसाठीच आहे, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ५ दिसलं आणि रक्त कधीच गेलं नाही, तर ते प्रकरण वेगळं, तिथे उगाच घाबरू नका.

हार्मोन थेरपी घेणाऱ्यांसाठी एवढंच, रोज दोन्ही हार्मोन एकत्र घेत असाल तर सुरुवातीच्या सहा महिन्यांत अधूनमधून डाग पडू शकतात, तरी डॉक्टरला कळवा. सहा महिन्यांनंतरही चालू असेल किंवा मध्ये सगळं थांबून परत सुरू झालं असेल तर तपासणी लागतेच.

चौथी पायरी, तुकडा घेणं

पहिल्यांदा बहुतेक पिपेल करतात. साधारण ३ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी पिशवीच्या तोंडातून आत घालून अस्तराचा थोडा भाग ओढून घेतात. भूल लागत नाही, ओपीडीत होतं, पाळीच्या वेळच्या कळा येतात तशी एक दोन मिनिटं जोरात कळ येते. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेता येते, कुठली ते विचारून घ्या कारण बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर सगळ्या चालत नाहीत. नंतर एक दोन दिवस थोडं लाल जाऊ शकतं. ताप आला किंवा घाण वासाचा स्राव सुरू झाला तर लगेच कळवायचं.

पिपेल चांगली तपासणी आहे पण ती न बघता घेतलेली असते, अंधाऱ्या खोलीत हात फिरवून जे हाताला लागेल ते उचलावं तशी. कॅन्सर बऱ्याच अस्तरात पसरला असेल तर सापडतो, पण एका कोपऱ्यातला पॉलिप किंवा पॉलिपच्या टोकाला असलेली वाढ सुटू शकते. म्हणून पॉलिपचा संशय असेल, पिपेलमध्ये पुरेसा तुकडा आला नसेल, किंवा सगळं नॉर्मल येऊनही रक्त परत जात असेल तर हिस्टेरोस्कोपी करतात. यात बारीक कॅमेरा आत घालून अस्तर डोळ्यांनी बघतात आणि जिथे शंका तिथूनच तुकडा घेतात, पॉलिप असेल तर त्याच वेळी काढतात. पूर्वी नुसतं क्युरेटिंग करायचे, अजूनही करतात, पण तेही न बघताच खरवडणं आहे, म्हणून कॅमेऱ्याची सोय असेल तर तेच मागा.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा एक बाई आहे, वय ६२, पाळी ५२ ला गेली, वजन जास्त, डायबिटीस आहे. एका सकाळी रुपयाएवढा गुलाबी तपकिरी डाग, नंतर काही नाही. दहा दिवसांनी मुलीच्या आग्रहाने डॉक्टरकडे जाते. तपासणीत कोरडेपणा दिसतो, पिशवीचं तोंड ठीक, पॅप नॉर्मल. इथे थांबता आलं असतं, पण डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. अस्तर ११ मिलिमीटर.

पिपेल होते. रिपोर्ट येतो, "टिश्यू अपुरा, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत." घरात सगळे खूश, कॅन्सर नाही आला म्हणून. पण हे वाक्य परत वाचा. तुकडा पुरेसा आलाच नाही म्हणजे तपासणी झालीच नाही. अस्तर २ मिलिमीटर असतं तर कमी टिश्यू येणं समजण्यासारखं होतं, पातळ अस्तरातून येणार तरी किती. पण ११ मिलिमीटरच्या अस्तरातून काही येत नाही म्हणजे नळी चुकीच्या जागी फिरली किंवा मध्ये पॉलिप आहे. सोनोग्राफी आणि पिपेलचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचायचे ते यासाठी.

मग हिस्टेरोस्कोपी. आत दीड सेंटिमीटरचा पॉलिप दिसतो, तो काढतात, बाकी अस्तराचाही तुकडा घेतात. रिपोर्टमध्ये पॉलिपमध्येच ग्रेड १ चा एंडोमेट्रिऑईड कॅन्सर, म्हणजे हळू वाढणारा प्रकार. एमआरआयमध्ये वाढ पिशवीच्या भिंतीत अर्ध्यापेक्षा कमी खोल गेलेली. ऑपरेशनमध्ये पिशवी, दोन्ही नळ्या, दोन्ही ओव्हरी काढतात, जवळच्या लिम्फ नोड्सची तपासणी होते, त्यात काही नाही. स्टेज पहिली. तिला रेडिएशन नाही, केमो नाही, फक्त ठरलेल्या वेळी फेरतपासणी. काढलेल्या गाठीवर लिंच सिंड्रोम म्हणजे घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या धोक्यासाठीची टेस्टसुद्धा करतात, कारण ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासण्यांनंतर मुलांना आणि भावंडांनाही आतड्याची तपासणी लवकर सुरू करावी लागू शकते.

पहिल्या स्टेजमध्ये सापडलेल्या अशा बायकांपैकी १०० मधल्या ९० किंवा त्याहून जास्त जणी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. हाच आजार भिंतीतून बाहेर किंवा लांब पसरल्यावर सापडला तर आकडे झपाट्याने खाली येतात. या उदाहरणात तिला एकंदर रक्त गेलं तो तेवढा एक डाग, बाकी एकही लक्षण नव्हतं.

पाचवी पायरी, रिपोर्ट हातात आल्यावर

"ॲट्रोफिक" लिहिलं असेल तर अस्तर पातळ आहे, कॅन्सर दिसला नाही, कोरडेपणासाठी क्रीम वगैरे डॉक्टर देतील. "हायपरप्लेझिया, ॲटिपिया नाही" असेल तर अस्तर जाड आहे पण पेशींचं रूप बिघडलेलं नाही, म्हणजे हा कॅन्सर नाही आणि कॅन्सरमध्ये बदलण्याची शक्यता कमी असते, वीस वर्षांत १०० मध्ये ५ पेक्षा कमी. तरी तसंच सोडत नाहीत, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर टी सारखी दिसणारी आययूडी देतात आणि साधारण सहा महिन्यांनी परत तुकडा घेऊन बघतात. हा परतीचा तुकडा बायका टाळतात कारण रक्त थांबलेलं असतं. टाळू नका, रक्त थांबलं म्हणजे अस्तर सुधारलं असं नसतं.

"ॲटिपिया आहे" असं लिहिलं असेल तर मात्र गोष्ट गंभीर. अशा बायकांची पिशवी काढल्यावर बऱ्याच जणींमध्ये आत कॅन्सर आधीच सुरू झालेला सापडतो, म्हणून पाळी गेलेल्या बाईला सहसा पिशवी काढायचाच सल्ला देतात. ऑपरेशन कॅन्सर सर्जन किंवा गायनॅक ऑन्कॉलॉजिस्टकडे करावं का हे तेव्हाच विचारा, नंतर नाही.

आणि सगळं नॉर्मल आलं तर? सोनोग्राफी ठीक, तुकडा ठीक, घरी आलात. रिपोर्टची फाईल जपून ठेवा, तारखेसकट. पुढे परत डाग दिसला, एका महिन्याने दिसो की दीड वर्षाने, तर ती नवी घटना समजायची आणि परत जायचं, जुना नॉर्मल रिपोर्ट दाखवायचा आणि विचारायचं की या वेळी नुसती सोनोग्राफी परत न करता हिस्टेरोस्कोपी करून आत बघायचं का. पिशवी आधीच काढलेली असेल त्यांनाही हे लागू आहे, कारण रक्त योनीच्या वरच्या टोकातून येऊ शकतं, आणि काहींची पिशवी काढताना तोंड ठेवलेलं असतं आणि ते त्यांना माहितीही नसतं. ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर सापडला तर तो सोबत न्या, त्यात काय काढलं आणि काय ठेवलं ते लिहिलेलं असतं.